कॉन्टॅक्ट लेन्समुळे बुबुळाला जखम: दर तासाला थेंब आणि पट्टी मात्र नाही, असं का?

सुदामानगरची_मावशी (शुक्रवार, रात्री ११:४०)

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इंदूरमधल्या आमच्या घरी माझी भाची राहते, वय २१. भंवरकुआंला क्लास आहेत म्हणून. महिन्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. मंगळवारी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला मैत्रिणींबरोबर राजवाड्यावर गेली, टँकरच्या पिचकाऱ्यांखाली पार भिजून आली. घरी येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि लेन्स न काढताच झोपली.

बुधवारी सकाळी डावा डोळा खुपायला लागला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक ड्रॉप दिला. गुरुवारी दुखणं वाढलं म्हणून जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम घालून कापसाची जाड पट्टी बांधली आणि म्हणाले, दोन दिवस उघडू नका. आज सकाळी ती रडायलाच लागली. पट्टी सोडली तर कापूस पिवळट-हिरवट भिजलेला, डोळा लालभडक आणि काळ्या भागावर पांढरा ठिपका. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा लहान, पण नुसत्या डोळ्यांना दिसेल असा.

थेट डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. लेन्समुळे बुबुळाला जिवाणूंचा संसर्ग झालाय म्हणाले. सुन्न करणारा थेंब घालून ठिपक्याच्या कडेवरून पात्याने थोडं खरवडून तपासायला घेतलं. दोन बाटल्या दिल्यात. एक पूर्ण तासाला, दुसरी त्यानंतर अर्ध्या तासाने, दोन्ही दर तासाला. म्हणजे दर अर्ध्या तासाला एक थेंब. रात्रीसुद्धा! पहिले ४८ तास. शिवाय दिवसातून तीनदा तिसरी बाटली. आणि बजावून सांगितलं, पट्टी बांधायची नाही.

आता सासूबाई म्हणतात, "उघड्या डोळ्याला वारा लागेल. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी पट्टी बांधली होती ना, मग हिला का नाही?" माझ्याकडे उत्तर नाही. आणि पोरीला रात्रभर दर अर्ध्या तासाला उठवायचं खरंच गरजेचं आहे का? झोपेनेच बरं वाटतं ना माणसाला?

---

पोहेवाला_भिया (रात्री ११:५२)

आमच्याकडे सगळ्यांचे डोळे आले होते तेव्हा गुलाबपाणी घालून राहिलो होतो. चार दिवसांत ठीक. दर अर्ध्या तासाला औषध म्हणजे बाटल्या खपवायचा धंदा आहे हा, मावशी.

---

सुमेधा_७ (रात्री ११:५८)

भिया, डोळे येणं वेगळं. त्यात पांढऱ्या भागाला सूज येते, चिपडं येतात, पण नजर जात नाही. इथे बुबुळावर ठिपका आहे. गुलाबपाणी रबडीत घाला.

---

निशाचर (शनिवार, रात्री १२:१०)

मावशी, मी यातून गेलोय. दोन वर्षांपूर्वी, उजवा डोळा, लेन्स घालून झोपायचीच सवय. उठवाच तिला. मला एकच ड्रॉप होता, मॉक्सिफ्लॉक्सासिन, दर तासाला. रूममेटने दोन रात्री जागून घातला. तिसऱ्या दिवशी उजेड सहन व्हायला लागला.

पट्टी का नाही याचं मला समजलेलं कारण असं, की डोळ्याला उजेड मिळायला हवा. उजेडाने जंतू मरतात.

---

लष्करकर (रात्री १२:२६)

उजेडाने मरत असते तर ग्वाल्हेरच्या मे महिन्यात एकही जंतू उरला नसता.

माझा अनुभव उलटा आहे बरं का. मुलगी आठ महिन्यांची असताना तिचं नख माझ्या डोळ्यात गेलं. डॉक्टरांनी मलम लावून एक दिवस पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी डोळा साफ. म्हणजे पट्टीने जखम भरते. मग लेन्सवाल्यांनाच का नाही? आणि झोपलं की डोळा बंदच असतो की! बंद डोळा इतका वाईट असता तर आपण सगळे सकाळी आंधळे उठलो असतो.

---

बडोद्याचा_दादा (रात्री १२:४८)

मी बडोद्यात तीसेक वर्षं डोळ्यांचंच काम केलं, आता निवृत्त. न बघता निदान करत नाही, तुमच्या डॉक्टरांनी ते केलंय. पण पट्टीचं सांगतो, कारण पट्टी बांधून बिघडून आलेले डोळे मी स्वतः सांभाळलेत.

मावशी, आत्ताचा थेंब चुकवू नका. बाकीचं सावकाश वाचा.

लेन्सवाल्यांच्या डोळ्यात असा ठिपका दिसला की आम्हाला सगळ्यात आधी धास्ती वाटते ती स्यूडोमोनास नावाच्या जंतूची. हा ओलाव्यात वाढणारा प्राणी. नळाचं तोंड, लेन्सची डबी, उरलेलं सोल्यूशन, सगळीकडे सुखाने राहतो. लेन्सला चिकटून डोळ्यात येतो. धडधाकट बुबुळात त्याला शिरता येत नाही. पण लेन्स घालून झोपलं की बुबुळाला हवा कमी पडते, वरचा थर नाजूक होतो आणि याला दार उघडं मिळतं. एकदा शिरला की त्याच्या विकरांनी बुबुळ विरघळायला लागतं. दोन-तीन दिवसांत भोक पडलेलं मी पाहिलंय.

आता पट्टी. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मिळतो तो थेट हवेतून, अश्रूंमधून विरघळून. डोळा मिटला की तो बराच घटतो. पट्टीखाली ऊब वाढते. पापणी लवत नाही. पापणी लवणं म्हणजे डोळ्याचा वायपर, दर थोड्या सेकंदांनी घाण आणि जंतू पुसून नाकाकडे ढकलायचा. पट्टीने तो वायपर बंद आणि अश्रूही साचून राहतात. जंतूला आणखी काय हवं? आणि वर औषध घालायचं कसं? दर अर्ध्या तासाला पट्टी सोडणार का? घातलं तरी निम्मं कापूस पिणार.

शेवटचं कारण साधं आहे, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पट्टीखाली काय चाललंय ते दिसत नाही. तुमच्या भाचीचा ठिपका गुरुवारी संध्याकाळी केवढा होता, सांगता येईल कुणाला?

---

बडोद्याचा_दादा (रात्री १:०३)

लष्करकर, तुमचे दोन्ही मुद्दे रास्त आहेत, म्हणून वेगळं लिहितो.

बाळाच्या नखाचा ओरखडा स्वच्छ होता, तुम्ही लेन्स घालत नव्हता. तो थर एक-दोन दिवसांत आपोआप भरतो. पूर्वी आम्ही सगळेच पट्टी बांधायचो. नंतर लोकांनी तुलना करून पाहिली तर पट्टीने तो लवकर भरत नाही असंच निघालं. म्हणजे तुमचा डोळा पट्टीमुळे नाही, पट्टी असूनही बरा झाला. लेन्सवाल्याच्या ओरखड्याला मात्र पट्टी बांधायचीच नाही, हे आमच्याकडे १९८० च्या दशकापासून पक्कं झालं. साधा ओरखडा समजून पट्टी बांधली आणि एका रात्रीत स्यूडोमोनासचा अल्सर झाला, असे रुग्ण तेव्हा नोंदले गेले होते.

झोपेचं म्हणाल तर निरोगी डोळ्याला रात्रीची ती सवय असते, राखण करणाऱ्या पेशी अश्रूंत उतरतात. संसर्ग झालेल्या डोळ्याला तेवढं पुरत नाही. म्हणूनच रात्रीचे थेंब. मिटलेल्या डोळ्यात जंतूंना सलग आठ तास मोकळे मिळू द्यायचे नाहीत.

---

खोडसाळ (रात्री १:०९)

थोडक्यात, पट्टी म्हणजे जंतूंसाठी रजई, उशी आणि दाराला कडी.

---

सुदामानगरची_मावशी (रात्री १:३४)

दादा, कोटी कोटी धन्यवाद. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "मोतीबिंदूला मग का?" हा प्रश्न अजून कायम आहे.

आणखी एक अडचण. ती इतकी घट्ट डोळा मिटते की अर्धं औषध गालावर येतं. म्हणून मी दोन-दोन थेंब घालतेय. आणि खरं सांगू, एक वाजता मी दोन्ही बाटल्या लागोपाठ घातल्या, म्हणजे दीडला उठवायला नको.

---

फार्मा_पोरगा (रात्री १:४१)

काकू, नका असं करू! मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, हेच सारखं समजावत असतो. पापणीच्या खोबणीत जेमतेम एक थेंब मावतो, तोही पूर्ण नाही. दुसरा थेंब फक्त पहिल्याला बाहेर ढकलतो. लागोपाठ दोन औषधं घातली की दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. मध्ये निदान पाच मिनिटं हवीतच. तुमच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासाचं अंतर दिलंय ते तर उत्तमच.

आडवी झोपवा, खालची पापणी हलकेच खाली ओढा, त्या खोबणीत एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा नुसता मिटू द्या, आवळू नका, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. निशाचर, तुम्हाला घसा कडू लागायचा ना?

---

निशाचर (रात्री १:४४)

कारल्याचा रस! आज कळलं का ते.

---

सुदामानगरची_मावशी (रात्री २:०६)

एक थेंब, कोपरा दाबला, गालावर काही नाही आलं. फार्मा_पोरगा, तुला पोहे-जिलबी माझ्याकडून.

एका बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे, फ्रिजमध्ये ठेवा आणि अमुक तारखेनंतर फेकून द्या. कंपनीचं लेबल अर्धवट झाकलंय. हे काय प्रकरण?

---

फार्मा_पोरगा (रात्री २:१५)

ते आमच्यासारख्यांचंच काम. बाजारातल्या टोब्रामायसिनच्या ५ मिलीच्या बाटलीत औषध असतं १५ मिलिग्रॅम. अशा जखमेला ते पातळ पडतं. मग इंजेक्शनचं ८० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिली, त्याच बाटलीत मिसळतात. एकूण ७ मिलीत ९५ मिलिग्रॅम, जवळपास साडेचार पट कडक. दुसरी बहुधा सेफाझोलिन असेल, ५०० मिलिग्रॅमची पूड १० मिलीत विरघळवून. ती फार दिवस टिकत नाही, म्हणून फ्रिज आणि म्हणून तारीख. पिवळी पडली किंवा गढूळ दिसली तर घालू नका, नवी करून घ्या.

हे घरी करायचं नाही हे वेगळं सांगायला नको. जंतू मारायच्या बाटलीतच जंतू गेले तर वाट लागेल.

आणि ती कडक असल्याने झोंबते. भाची "औषधानेच जास्त आग होते" म्हणेल. होते. म्हणून बंद नाही करायचं.

---

अवंतिका_जोशी (सकाळी ८:२०)

निशाचरला एकाच औषधावर बरं वाटलं आणि हिला दोन कडक बाटल्या? हे मला पटत नाही. नुसत्या मॉक्सिफ्लॉक्सासिनने होत असेल तर पोरीच्या डोळ्याची आग का करायची?

---

बडोद्याचा_दादा (सकाळी ९:०५)

अवंतिकाताई, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. ठिपका लहान आणि बाजूला असेल तर एका औषधावर भागतं, तुलना केल्यावरही फार फरक दिसलेला नाही. मोठा असेल, नजरेच्या वाटेत मध्यावर असेल किंवा पू दिसत असेल तर बरेच जण दोन कडक औषधांनी सुरुवात करतात. सेफाझोलिन एका गटाच्या जंतूंसाठी, टोब्रामायसिन स्यूडोमोनाससारख्यांसाठी. तपासणीचा निकाल आला की नको ते बंद करायचं. मी स्वतः मध्यावरच्या ठिपक्याला धोका पत्करत नसे, पण माझ्या एका सहकाऱ्याचं मत वेगळं होतं आणि त्याचेही रुग्ण बरे व्हायचे.

मावशींच्या सासूबाईंना सांगा: मोतीबिंदूची जखम ऑपरेशन थिएटरात स्वच्छ हातांनी केलेली असते, तिथे जंतू घर करून बसलेले नसतात. पट्टी होती ती धक्का लागू नये म्हणून, तीही एकच दिवस.

---

लष्करकर (सकाळी ९:३०)

पण दादा, माझ्या चुलतभावाला असंच झालं होतं आणि दवाखान्यात त्याच्या डोळ्यावर झाकण होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे झाकतातच की!

---

बडोद्याचा_दादा (सकाळी ९:४७)

कडक प्लास्टिकचं, भोकं असलेलं होतं का? ती शील्ड. ती कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकते, डोळ्याला शिवत नाही, हवा आत जाते, थेंब घालताना उचलता येते. बुबुळ इतकं पातळ झालं असेल की चुकून चोळल्याने फुटेल, तेव्हा लावतात. तुमच्या भावाचं प्रकरण गंभीर असणार. कापसाची पट्टी आणि शील्ड यांत मच्छरदाणी आणि गोधडीएवढा फरक आहे.

उजेड सहन होत नसेल तर काळा चष्मा लावा, खोलीचे पडदे ओढा. एवढं पुरे.

---

राजवाड्याची_रेवती (सकाळी १०:१५)

मी पण गेरमध्ये होते, लेन्स घालून!! आज डोळा थोडा लाल आहे. घाबरू का?

---

बडोद्याचा_दादा (सकाळी १०:१८)

दोन्ही लेन्स आत्ता काढा. दुखतंय, उजेड टोचतोय किंवा धूसर दिसतंय, यांपैकी एकही असेल तर आजच दाखवा, सोमवारची वाट नको. काढलेल्या लेन्स आणि डबी फेकू नका, बरोबर न्या.

---

राजवाड्याची_रेवती (दुपारी २:५०)

दाखवून आले. रंगामुळे नुसती चुरचुर आहे, बुबुळ स्वच्छ. आठवडाभर चष्मा. लग्नाच्या फोटोंचा सत्यानाश, पण चालेल.

---

सुदामानगरची_मावशी (शनिवार, रात्री ९:१०)

आज पुन्हा बोलावलं होतं. मी हादरलेय. ठिपका कालपेक्षा मोठा दिसतोय! डॉक्टर म्हणाले ठीक चाललंय. कसं ठीक?

शिवाय तिची बाहुली इतकी मोठी झालीय की मांजरासारखी दिसते आणि जवळचं वाचता येत नाही. नजर गेली म्हणून पोर रडतेय.

एक कबुली. औषधवाल्याने बुधवारी दिलेला ड्रॉप आज डॉक्टरांना दाखवला, तर त्यात स्टेरॉइड निघालं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त बाटली कचऱ्यात टाकली.

---

बडोद्याचा_दादा (रात्री ९:३६)

बाहुलीचं आधी. ती तिसरी बाटली अट्रोपिन किंवा तिची बहीण असणार. डोळ्याच्या आतला स्नायू आखडून दुखतो, त्याला ती सैल सोडते. बाहुली मोठी, जवळचं धूसर, हा औषधाचा गुण. बाटली बंद केली की काही दिवसांत पूर्ववत होते. पोरीला आत्ताच सांगा.

ठिपका पहिल्या दिवस-दोन दिवसांत थोडा वाढलेला दिसू शकतो, स्यूडोमोनासमध्ये तर विशेषच. आम्ही वेगळ्याच गोष्टी बघतो. दुखणं कमी झालं का? ठिपक्याची कड काल धुरकट होती, आज रेखीव झाली का? पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं तर वरच्या थराची जखम आकसतेय का? बुबुळाच्या मागे, खालच्या बाजूला पुवाची रेघ असेल तर ती उतरतेय का? तुमच्या डॉक्टरांनी यातलंच काही पाहून ठीक म्हटलं असेल. उद्या तुम्ही एकच विचारा: रात्री दुखून जाग आली का?

स्टेरॉइडने दुखणं आणि लाली दबते, आणि खाली जंतू मोकाट सुटतो. दोन दिवस ते, वर पट्टी. आता त्यावर बोलून उपयोग नाही.

---

अवंतिका_जोशी (रात्री १०:०२)

पण माझ्या मावसभावाला डॉक्टरांनीच नंतर स्टेरॉइडचा ड्रॉप दिला होता, डाग कमी पडावा म्हणून. मग ते चूक होतं का?

---

बडोद्याचा_दादा (रात्री १०:२०)

चूक नाही, वेगळी वेळ. आधी जंतू ओळखायचा, योग्य औषधाने तो आटोक्यात आणायचा, मग काही डॉक्टर बेताने देतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून ५०० रुग्णांवर हे तपासलं होतं, २०१२ साली निष्कर्ष आले. ४८ तास अँटिबायोटिक दिल्यावर निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. तीन महिन्यांनी एकूण नजरेत फरक नव्हता. ज्यांची नजर सुरुवातीला फारच गेली होती त्यांना थोडा फायदा झाल्यासारखा वाटला, त्यावरून अजून वाद आहे. बुरशी किंवा अकांथामिबा नावाचा एकपेशीय जीव असेल तर मात्र स्टेरॉइड घात करतं. म्हणून खरवडून तपासल्याशिवाय नाही.

---

फार्मा_पोरगा (रात्री १०:३१)

अकांथामिबावरून आठवलं. नळाचं पाणी डोळ्याला लागलं होतं ना? तोही पाण्यातच असतो.

---

बडोद्याचा_दादा (रात्री १०:४४)

बरोबर, आणि म्हणून थोडं लक्ष ठेवायचं. तो साधारण सावकाश चालतो, आणि दिसतं त्याच्या मानाने दुखणं भयंकर असतं. हिचं दोन दिवसांत भडकलं, पू आला, ते जिवाणूंसारखंच वाटतं. पण या औषधाने आठवडाभरात हललं नाही तर डॉक्टर पुन्हा खरवडतील. तेव्हा "परत का?" म्हणून वाद घालू नका.

---

खोडसाळ (रात्री १०:५०)

मावशी, गजराला कुठलं गाणं लावलंय? आमच्याकडे अर्ध्या तासाच्या गजरात तिसऱ्या वेळी माणूस फोनच भिंतीवर मारेल.

---

सुदामानगरची_मावशी (रविवार, पहाटे ५:३५)

गजर मी लावलाच नाही. सासूबाई बसल्यात! कॅलेंडरच्या मागे रेघा मारतायत, पूर्ण तासाला उभी, अर्ध्याला आडवी. चारला मला डोळा लागला तर खांद्याला हलवून म्हणाल्या, "उठ, आडवी रेघ राहिलीय."

रात्री दुखून जाग आली का, विचारलं. नाही आली. आम्ही उठवलं तेव्हाच उठली.

---

सुमेधा_७ (सकाळी ७:१५)

सासूबाईंना या धाग्याचं संपादकपद द्या.

---

सुदामानगरची_मावशी (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

रिपोर्ट आला. स्यूडोमोनासच. कोणत्या औषधाने मरतो त्या यादीत टोब्रामायसिन आहे. सेफाझोलिन बंद केलं, त्याचा या जंतूवर असर होत नाही म्हणाले. टोब्रामायसिन कालपासून दिवसा दर तासाला, रात्री दर दोन तासांनी. कड रेखीव झालीय, वरची जखम निम्म्याने आकसली.

तिच्या बॅगेत लेन्सची डबी सापडली. आत बघवेना. जुनं सोल्यूशन ओतून न टाकता त्यातच रोज थोडं नवं घालायची. तीही तपासायला दिली होती, तिच्यातही तोच निघाला.

---

निशाचर (संध्याकाळी ६:४०)

मी पण असंच वर-वर भरायचो. आईस्क्रीमच्या डब्यात उरलेल्यावर नवीन आईस्क्रीम घालावं तसं.

---

पोहेवाला_भिया (संध्याकाळी ७:०५)

गुलाबपाण्याचं मी मागे घेतो. भाचीला लवकर बरं वाटो.

---

सुदामानगरची_मावशी (तेरा दिवसांनी, रात्री ८:१५)

थेंब आता दिवसातून चारदा. वरचा थर भरला, पिवळा रंग घातला तरी काही चमकत नाही. तक्त्यावर त्या डोळ्याने पाचवी ओळ वाचली, पहिल्या दिवशी वरचं मोठं अक्षरही दिसत नव्हतं. पण ठिपक्याच्या जागी फूल पडलंय. फिकट आहे, आरशात तिला दिसतं. डॉक्टर म्हणाले काही महिन्यांत आणखी विरळ होईल, किती ते आत्ता सांगता येणार नाही. नजरेच्या मध्यापासून जरा बाजूला आहे, हे नशीब.

पुन्हा लेन्स घालायची का, यावर घरात दोन तट आहेत. तिला पुढे रोजची, वापरून फेकायची लेन्स हवीय, तिची आई फोनवर ओरडतेय. दादा, तुमचं मत?

---

बडोद्याचा_दादा (रात्री ९:००)

निदान तीन महिने चष्मा. त्यानंतर फुलाने नजर वाकडी झाली असेल तर कडक लेन्सनेच ती सरळ दिसते असंही होतं, तेव्हा "कधीच नाही" असं मी म्हणणार नाही. रोज फेकायची असली तरी तीही घालून झोपायचं नाही. बाकी आई-लेकीत मी पडत नाही.

---

नवा_सदस्य_इंदौरी (रात्री ११:४८)

पूर्ण धागा वाचायला वेळ नाही. माझ्या भावाने लेन्स काढताना नख लावलं, डोळा लाल आहे, दुखतोय. रात्री कापूस ठेवून पट्टी बांधली तर चालेल ना?

---

सुदामानगरची_मावशी (रात्री ११:४९)

नाही!!! लेन्स काढून ठेवा, डबी सांभाळा, आणि आत्ता ज्या दवाखान्यात रात्री डोळ्याचे डॉक्टर असतात तिथे न्या. सासूबाई शेजारीच आहेत, त्या विचारतायत ठिपका दिसतोय का.